यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेचे ज्येष्ठांसाठी मराठी भाषांतर: वेळा, मुक्काम आणि पोशाख

सहल आयोजकाकडून आलेली इंग्रजी कार्यक्रमपत्रिका ओळीमागून ओळ मराठीत उतरवली, की काम झाले असे बहुतेकांना वाटते. मात्र असे भाषांतर हातात असलेले सत्तरी ओलांडलेले यात्रेकरू चुकीच्या रात्री सामान बांधून बसतात, कोरडे कपडे बसच्या डिकीत ठेवून देतात आणि देवळाच्या दारात शर्ट काढावा लागेल हे तिथेच पहिल्यांदा ऐकतात. एकही शब्द चुकलेला नसतानाही हे घडते. मूळ पत्रिका आयोजक आणि बसचालक यांच्या सोयीने लिहिलेली असते. प्रवाशाने कोणत्या क्षणी काय करायचे हे तिच्यात विखुरलेले असते, आणि ते एकत्र आणल्याशिवाय भाषांतर उपयोगी पडत नाही.

पुढील टप्पे मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम या बसयात्रेचे उदाहरण घेऊन मांडले आहेत. या मार्गावर रात्रीचा प्रवास, दुपारी बंद होणारी मंदिरे आणि पोशाखाचे वेगवेगळे नियम हे तिन्ही एकत्र येतात, म्हणून चुका नेमक्या कुठे होतात हे येथे स्पष्ट दिसते.

## १. भाषांतरापूर्वीची तयारी

पहिला शब्द लिहिण्याआधी संपूर्ण पत्रिका वाचावी आणि फक्त रात्रींची यादी करावी. सोमवारची रात्र रामेश्वरच्या हॉटेलात, मंगळवारची रात्र बसमध्ये, बुधवारची रात्र तिरुवनंतपुरमच्या हॉटेलात, अशी ती यादी दिसली पाहिजे. ‘तीन रात्री, चार दिवस’ या मजकुरावरून कोणत्या रात्री पाठ टेकायला पलंग मिळणार हे कळत नाही, आणि ज्येष्ठ प्रवाशाला सर्वप्रथम तेच जाणून घ्यायचे असते. यादीत एखादी रात्र रिकामी राहिली, तर मूळ पत्रिकेतच काहीतरी सुटले आहे असे समजून आयोजकाला विचारावे. आपल्या अंदाजाने ती जागा भरू नये.

त्यानंतर आयोजकासाठी प्रश्नांची यादी करावी. मूळ पत्रिकेत सहसा नसलेल्या, पण ज्येष्ठांसाठी लिहाव्याच लागणाऱ्या गोष्टी या आहेत: बस मंदिरापासून किती अंतरावर थांबेल आणि पुढे चालत जायचे की रिक्षाने, हॉटेलात लिफ्ट आहे का, नसल्यास खोली कितव्या मजल्यावर, शौचालयात कमोड आहे का, रात्रीच्या प्रवासात बस किती वेळाने थांबेल, एका खोलीत किती जण असतील आणि तिसऱ्या माणसाला पलंग मिळेल की जमिनीवर गादी. ‘ट्रिपल शेअरिंग’चे ‘तिघांत एक खोली’ हे भाषांतर बरोबर असले, तरी गुडघ्याचे दुखणे असलेल्या बाईंना जमिनीवरच्या गादीची बातमी घरीच कळायला हवी.

तपासणी: उत्तरे लेखी घ्यावीत, मोबाइलवरच्या संदेशात आली तरी चालतील. फोनवर ऐकलेली वेळ किंवा अंतर पत्रकात थेट उतरवू नये.

## २. वेळा उतरवणे

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, म्हणून या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा.

पत्रिकांमध्ये चोवीस तासांचे घड्याळ वापरलेले असते. १४:०० चे ‘दुपारी २’ करणे सोपे आहे, परंतु खरी अडचण मध्यरात्रीनंतरच्या वेळांत असते. आपल्या उदाहरणातील नोंद अशी आहे: बुधवार, तारीख १५, ००:३० वाजता रामेश्वरहून प्रस्थान. कॅलेंडरच्या हिशोबाने हा बुधवार आहे. बोलण्यात मात्र आपण त्याला मंगळवारची रात्र म्हणतो. ‘बुधवारी रात्री साडेबारा’ असे लिहिल्यास बहुतेक जण बुधवारचा पूर्ण दिवस काढून त्या रात्री निघण्याच्या तयारीला लागतील, आणि तोपर्यंत बस जाऊन चोवीस तास उलटलेले असतील. घाईत काही जण ००:३० ला दुपारचे साडेबाराही करून टाकतात.

अशा नोंदीत आधी मावळणारा दिवस लिहावा आणि जेवणासारख्या ठरलेल्या गोष्टीशी वेळ जोडावी:

> मंगळवारी (ता. १४) रात्रीच्या जेवणानंतर सामान बांधून ठेवावे. रात्री १२ वाजता हॉटेलच्या खालच्या दालनात यावे. बस त्याच रात्री साडेबारा वाजता (१२.३०) सुटेल. तेव्हा बुधवार, ता. १५ सुरू झालेला असेल.

शेवटचे वाक्य अनावश्यक वाटले तरी काढू नये. नातेवाईक मूळ इंग्रजी पत्रिकेशी तारीख ताडून पाहतात आणि मराठी पत्रक चुकले आहे असे फोनवर सांगतात. हे वाक्य असले की तो घोळ होत नाही.

दिवसाच्या भागांची नावे पूर्ण पत्रकात एकाच पद्धतीने वापरावीत. पहाटे म्हणजे साधारण ३ ते ६, सकाळी म्हणजे ६ ते १२, दुपारी म्हणजे १२ ते ४, संध्याकाळी म्हणजे ४ ते ८ आणि त्यापुढे पहाटेपर्यंत रात्री, अशी वाटणी ठरवून ती पाळावी. एका ठिकाणी ‘पहाटे २’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘रात्री २’ लिहिले, की वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या वेळा वाटतात.

वेळ शब्दांत आणि आकड्यांत अशी दोन्ही प्रकारे द्यावी, कारण काहींना घड्याळाचा आकडा लवकर कळतो, तर काहींना ‘सव्वापाच’ ऐकल्याशिवाय खात्री वाटत नाही. येथे ‘पावणे’ने सुरू होणाऱ्या वेळांवर विशेष लक्ष ठेवावे. ३.४५ म्हणजे पावणेचार; टंकलेखनात आकड्यातील तीन पाहून ‘पावणेतीन’ लिहिले जाते आणि प्रवासी तासभर आधी उठून बसतो. उलट चूक झाली, तर बस चुकते.

मूळ पत्रिकेत जमण्याची वेळ आणि बस सुटण्याची वेळ बहुधा शेजारी शेजारी असतात. मराठीत त्यांना स्वतंत्र वाक्ये द्यावीत आणि प्रवाशाने पाळायची वेळ, म्हणजे जमण्याची वेळ, आधी व ठळक छापावी. ‘१२.००/१२.३०’ अशी तिरकी रेघ तर कधीच ठेवू नये, कारण तिचा अर्थ ‘बारा किंवा साडेबारा, कधीही’ असा घेतला जातो.

सावधान: दक्षिणेतील बहुतेक मोठी मंदिरे दुपारी काही तास बंद असतात. मदुराईचे मीनाक्षी मंदिर आणि कन्याकुमारीचे भगवती मंदिर दुपारी बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडते. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात सकाळचे आणि संध्याकाळचे दर्शनही सलग नसून टप्प्याटप्प्यांनी असते. त्यामुळे ‘स्थानिक दर्शन’ एवढेच न लिहिता, दर्शन दुपारच्या बंदीआधी आहे की नंतर, हे लिहावे. दुपारी मंदिर बंद असते हे ठाऊक नसलेली मंडळी सकाळी खोलीत निवांत बसतात आणि जेवून दर्शनाला जाऊ म्हणतात.

## ३. मुक्काम आणि विसावा वेगळे करणे

मूळ पत्रिकेत ‘हॉल्ट’, ‘स्टे’, ‘चेक-इन’ आणि ‘वॉश अँड चेंज’ हे शब्द येतात. भाषांतरात या सगळ्यांचे ‘मुक्काम’ किंवा ‘थांबा’ होऊन जाते. ‘मुक्काम’ हा शब्द फक्त रात्री झोपायला खोली मिळते तेथेच वापरावा. बस काही वेळ उभी राहते तो ‘थांबा’, आणि आंघोळ-कपड्यांपुरती खोली मिळते तिला ‘फक्त आंघोळीसाठी खोली’ असे सरळ म्हणावे.

आपल्या उदाहरणात बस रात्रभर सुमारे ३१० किलोमीटर अंतर कापून बुधवारी सकाळी साडेसातला कन्याकुमारीला पोचते आणि पत्रिका म्हणते, ‘वॉश अँड चेंज, कॉमन रूम्स’. याचे ‘कन्याकुमारी येथे हॉटेलमध्ये आगमन’ असे भाषांतर केले, तर रात्रभर बसून आलेला माणूस दोन तास आडवे व्हायला मिळेल या आशेने उतरतो. प्रत्यक्षात पुरुषांसाठी एक आणि महिलांसाठी एक अशा मोजक्याच खोल्या असतात आणि आंघोळीसाठी पाळी लावावी लागते. हे स्पष्ट लिहिले, तर त्याची रीतसर तयारी करता येते: टॉवेल, साबण आणि बदलायचे कपडे हातपिशवीत, मोठी बॅग डिकीत.

खोली मिळण्याची वेळही येथेच सांगावी. ‘अर्ली चेक-इन उपलब्धतेनुसार’ या वाक्याचे ‘लवकर चेक-इन मिळू शकेल’ असे केल्यास ते आश्वासन वाटते. ‘खोली दुपारी १२ नंतर मिळेल, त्याआधी मिळण्याची खात्री नाही’ असे लिहावे. ‘मिळू शकेल’, ‘शक्य झाल्यास’, ‘प्रयत्न केला जाईल’ या रचना ज्येष्ठांच्या पत्रकातून मी काढूनच टाकतो. जे नक्की आहे ते एका वाक्यात आणि जे नक्की नाही ते ‘खात्री नाही’ या शब्दांतच सांगावे.

त्याचप्रमाणे ‘देण्यात येईल’, ‘करण्यात येईल’ या कर्मणी वाक्यांमागे कोण आहे ते उघड करावे. ‘सामान खोलीत पोचवले जाईल’ म्हणजे हॉटेलचा माणूस पोचवणार, आयोजकाचा, की आपणच? हे माहीत नसेल तर पहिल्या टप्प्यातील प्रश्नांत त्याची भर घालावी.

जेवणाच्या नोंदी मुक्कामाबरोबरच पाहाव्यात. मंगळवारचे जेवण रात्री आठला आणि बुधवारचा नाश्ता सकाळी साडेआठला असेल, तर मध्ये साडेबारा तासांचे अंतर पडते. मधुमेह असलेल्या प्रवाशाला हे अंतर पत्रकातच दिसले पाहिजे: ‘रात्रीच्या जेवणानंतर थेट सकाळी साडेआठला नाश्ता मिळेल, गरज असणाऱ्यांनी खाण्याचे पदार्थ आणि औषधे हातपिशवीत ठेवावीत.’ ‘वाटेत नाश्ता’ एवढ्याने हे कळत नाही.

## ४. पोशाखाचे नियम

मूळ पत्रिकेत शेवटच्या पानावर एकच ओळ असते: ‘ट्रॅडिशनल ड्रेस मँडेटरी’. तिचे ‘पारंपरिक पोशाख अनिवार्य’ हे भाषांतर अचूक असूनही दिशाभूल करते. आपल्याकडच्या आजोबांना पारंपरिक पोशाख म्हणजे पांढरा नेहरू शर्ट, पायजमा आणि टोपी वाटते. तो पोशाख घालून ते पद्मनाभस्वामी मंदिरात गेले, तर दारातूनच परत फिरावे लागेल, कारण तेथे पुरुषांना कमरेला मुंडू किंवा धोतर लागते आणि अंगात शर्ट, सदरा असे काहीही चालत नाही. महिलांसाठी साडी निर्धास्त. पंजाबी ड्रेस असेल तर त्यावरून मुंडू गुंडाळावे लागते.

म्हणून नियम तीन भागांत लिहावा: काय नेसायचे, काय चालणार नाही आणि ते कधी, कुठे नेसायचे. तिसरा भाग भाषांतरात सर्रास सुटतो. बुधवारी संध्याकाळी पाचला तिरुवनंतपुरमला पोचून लगेच दर्शनाला निघायचे असेल, तर धोतर डिकीतल्या बॅगेच्या तळाशी असून उपयोग नाही.

> बुधवारी संध्याकाळचे दर्शन, पद्मनाभस्वामी मंदिर. पुरुषांनी पांढरे धोतर किंवा मुंडू नेसावे. शर्ट, सदरा, बनियन, पँट, पायजमा चालत नाही. कमरेच्या वर अंग उघडे ठेवावे लागते. महिलांनी साडी नेसावी. हे कपडे दुपारी बसमध्ये चढण्यापूर्वी हातपिशवीत घ्यावेत आणि हॉटेलच्या खोलीत नेसूनच खाली यावे.

अंग उघडे ठेवण्याची सूचना संकोचाने ‘योग्य पोशाखात यावे’ अशी गुळमुळीत करू नये. शस्त्रक्रियेची खूण असणाऱ्या, थंडी सहन न होणाऱ्या किंवा मुळातच संकोची माणसाला दर्शनाला जायचे की नाही हे आधीच ठरवता यावे, हाच त्या वाक्याचा उपयोग आहे. कन्याकुमारीच्या भगवती मंदिरातही पुरुषांना शर्ट काढावा लागतो, त्यामुळे ही सूचना दोन्ही ठिकाणी लिहावी. ‘वरीलप्रमाणे’ म्हणून भागवू नये.

शब्दांची निवड करताना दोन शब्द टाळावेत. ‘लुंगी’ लिहिले तर घरी वापरायची चौकड्यांची लुंगी बॅगेत येते. ‘सोवळे’ लिहिले तर नियमात नसलेली बंधने वाचणारे स्वतःच जोडतात आणि त्याच दिवशी धुऊन वाळवलेले वस्त्र कुठून आणायचे या चिंतेत पडतात. ‘मुंडू’ हा शब्द ओळखीचा नसेल, तर ‘कमरेला सरळ गुंडाळायचे पांढरे वस्त्र’ असा खुलासा पहिल्याच वेळी करावा.

रामेश्वरला वेगळी अडचण येते. तेथे आधी अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग मंदिराच्या आवारातील २२ तीर्थकुंडांच्या पाण्याने स्नान आणि त्यानंतर मुख्य दर्शन असा क्रम असतो. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाऊ देत नाहीत. पत्रिकेत ‘तीर्थस्नान व दर्शन’ असे तीन शब्दांत उरकलेले असते. मराठीत क्रम उलगडून लिहावा: कोणत्या कपड्यांत खोलीतून निघायचे, कोरडे कपडे कशात ठेवायचे, स्नान चालू असताना ती पिशवी कोणाकडे राहील आणि कपडे बदलायचे कुठे. पिशवी कोणाकडे राहील याचे उत्तर आयोजकाकडूनच घ्यावे लागते. ते न घेतल्यास वयस्क जोडपी एकाने पिशवी धरायची आणि दुसऱ्याने स्नान करायचे अशी विभागणी करतात आणि एकाचे स्नान राहून जाते. फरशी सर्वत्र ओली असते, हेही त्याच परिच्छेदात लिहावे.

तपासणी: पोशाखाची सूचना शेवटच्या पानावर एकत्र ठेवू नये. ती त्या त्या दिवसाच्या पानावर, दर्शनाच्या वेळेआधी आली पाहिजे.

## ५. चुकामूक झाली तर

मीनाक्षी मंदिरात आणि पद्मनाभस्वामी मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत. त्यामुळे ‘दर्शनानंतर फोन करून भेटू’ ही नेहमीची व्यवस्था तेथे चालत नाही. अशा प्रत्येक मंदिराच्या नोंदीत फोन कोठे ठेवायचा, बाहेर कोणत्या दाराशी जमायचे आणि किती वाजता, हे लिहावे. मीनाक्षी मंदिराला चार दिशांना चार उंच गोपुरे आहेत आणि नवख्या माणसाला ती सारखीच दिसतात. ‘मुख्य गोपुराजवळ’ हे भाषांतर तेथे निरुपयोगी ठरते. दिशा लिहावी, आणि चपला ज्या दाराशी काढल्या तेच दार जमण्यासाठी ठेवावे अशी विनंती आयोजकाला करावी.

गावांची नावे मराठीत रुळलेली आणि पाटीवर दिसणारी अशी दोन्ही द्यावीत: रामेश्वर (रामेश्वरम), तिरुवनंतपुरम (त्रिवेंद्रम). हॉटेलचे नाव मात्र भाषांतरित करू नये; उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहावे आणि हॉटेलचे मूळ छापील कार्ड पत्रकाला टाचावे, कारण तमिळ किंवा मल्याळम पत्ता वाचू शकणाऱ्या रिक्षावाल्याला दाखवण्यासाठी तेच लागते.

## ६. छपाई

एका दिवसाला एक पान, पाठपोट छपाई नाही. अक्षरांचा आकार १८ पॉइंटच्या आसपास आणि ओळींत पुरेसे अंतर, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत. राखाडी अक्षरे आणि रंगीत पार्श्वभूमी टाळावी. पहाटे बसच्या मंद दिव्यात ती वाचता येत नाहीत. आकडा आणि त्याचा ‘वाजता’ हा शब्द वेगवेगळ्या ओळींत तुटू देऊ नये. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, त्यामुळे संगणकावरची प्रत नव्हे, छापलेला कागद वाचून तपासावा.

## ७. शेवटची पडताळणी

दोन तपासण्या कराव्यात. पहिलीत मूळ पत्रिका न पाहिलेल्या माणसाला फक्त मराठी पत्रक द्यावे आणि त्यातून सर्व वेळा चोवीस तासांच्या घड्याळात कागदावर उतरवायला सांगाव्यात. ती यादी मूळ पत्रिकेशी ताडली, की पावणे-सव्वाच्या आणि मध्यरात्रीच्या चुका लगेच सापडतात. स्वतः भाषांतर करणाऱ्याने हे करू नये; त्याला उत्तरे आधीच पाठ असतात आणि डोळा चुकीवरून घसरतो.

दुसरी तपासणी प्रवाशांपैकीच एखाद्या आजी-आजोबांकडून करून घ्यावी. ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी ‘हो’च येते. पत्रक त्यांच्या हातात ठेवून असे प्रश्न विचारावेत: मंगळवारी रात्री तुम्ही कुठे झोपणार? रामेश्वरला कोरडे कपडे कोणाजवळ असतील? पद्मनाभस्वामींच्या दर्शनाला जाताना अंगात काय असेल? कन्याकुमारीला पोचल्यावर आडवे व्हायला मिळेल का? उत्तर देताना आजी पानावर बोट फिरवू लागल्या, मागचे पान उलटू लागल्या किंवा ‘विचारून सांगते’ म्हणाल्या, तर ती ओळ पुन्हा लिहावी. उत्तर चुकले तर त्यांना समजावून सांगत बसू नये. पत्रक सुधारून दुसऱ्या व्यक्तीला तोच प्रश्न विचारावा.

आयोजकाने नंतर वेळ बदलल्यास जुन्या कागदावर पेनाने दुरुस्ती करू नये. त्या दिवसाचे पूर्ण पान नव्याने, वेगळ्या रंगाच्या फिकट कागदावर, वर ‘सुधारित’ हा शब्द आणि तारीख घालून छापावे आणि जुने पान प्रत्येकाकडून परत घ्यावे. दोन्ही पाने पिशवीत राहिली, तर हाताला आधी लागेल तेच वाचले जाते.